नथीची तार आणि पांढरं पान

संगणकाकडे कातरायला द्यायची सगळ्यात अवघड वस्तू कोणती असं कुणी विचारलं, तर मी बिनदिक्कत नथ पुढे करीन. मोती पांढरे, म्हणजे पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला तर कडाच दिसत नाहीत. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. मोत्यांच्या झुपक्यात बारीक फटी, तारेच्या वळणात मोकळी जागा, आणि त्या प्रत्येक मोकळ्या जागेतून मागचं कापड डोकावतं. हे सगळं कापड काढून टाकायचं, नथ तेवढी ठेवायची आणि दुकानातल्या चारशे दागिन्यांचे फोटो एकाच मापात, एकाच पांढऱ्या पानावर मांडायचे, हे काम आज घरबसल्या दागिने विकणाऱ्या कितीतरी जणांसमोर आहे.

पांढरं पान ही हौस नाही. ॲमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते. संगणकाच्या भाषेत लाल, हिरवा, निळा तिन्ही 255. वस्तूनं चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापायला हवा, आणि गिऱ्हाइकाला फोटो मोठा करून पाहता यावा यासाठी लांब बाजू 1000 पिक्सेलच्या पुढे हवी. पूर्वी हे काम फोटोशॉपमध्ये पेन टूल घेऊन कडेकडेनं बिंदू टाकत केलं जायचं. आता मॉडेल वापरून शेकडो फोटो एका दमात कापून होतात. पण त्यातले काही चुकीचे कापले जातात, आणि कोणते चुकले हे मॉडेल आपण होऊन सांगत नाही. खरी मेहनत तिथे आहे.

आधी कापणं म्हणजे काय होतं ते पाहू. मॉडेल फोटोतून वस्तू उचलून देत नाही. ते फोटोच्या मापाचा एक करडा नकाशा तयार करतं, त्याला मास्क म्हणतात. रांगोळीच्या छाप्यासारखाच त्याचा उपयोग: जिथे मास्क मोकळा तिथे मूळ फोटो उतरतो, जिथे बंद तिथे काहीच नाही. फरक एवढाच की मास्कमध्ये 0 ते 255 अशा पायऱ्या असतात, म्हणजे एखादी जागा अर्धवट मोकळीही असू शकते. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडी तार आणि थोडं कापड असतं, तिथे ही अर्धवट किंमत हवीच. पण मोत्याच्या ऐन मध्यावर ती आली तर समजायचं की मॉडेल गोंधळलंय.

घरच्या संगणकावर हे काम करायला rembg नावाचं मोफत साधन बरेच जण वापरतात. त्यात वेगवेगळी मॉडेलं बसवता येतात. त्यातलं जुनं आणि अजूनही आपोआप निवडलं जाणारं u2net हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलं. ते शिकलंय ते ‘चित्रात नजर वेधून घेणारी वस्तू कोणती’ एवढंच. नथ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्यामुळे नथ मखमली स्टँडवर लावून फोटो काढला तर स्टँडही वस्तूत धरला जातो, किमतीची चिठ्ठी आणि तिचा दोराही दागिन्याचा भाग होतो, आणि झुमका बोटात धरला असेल तर अंगठा फुकटात येतो. यात मॉडेलची चूक म्हणता येत नाही. त्याच्या मते या सगळ्याच गोष्टी नजरेत भरणाऱ्या आहेत.

दुसरी अडचण मापाची आहे आणि ती आकड्यांतच नीट कळते. फोनचा फोटो 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा आहे असं धरू. 4 सेंटिमीटर रुंदीची नथ त्यात 800 पिक्सेल रुंद दिसते, म्हणजे एका मिलिमीटरला 20 पिक्सेल. अर्ध्या मिलिमीटरची तार झाली 10 पिक्सेल जाड. आता u2net हा फोटो बघण्याआधी दाबून 320 गुणिले 320 करतं. आडव्या दिशेत मूळचे साडेबारा पिक्सेल त्याच्या एका ठिपक्यात जातात. आपली तार दहाचीच, म्हणजे एक ठिपकाही भरत नाही. मग ती तुटक दिसते किंवा गायबच होते, आणि मोत्यांचा झुपका पांढऱ्या पानावर अधांतरी राहतो. अशा नथीचा फोटो साइटवर चढल्यावर एका विक्रेत्या बाईंना गिऱ्हाइकाचा फोन आला होता, “ताई, ही नथ घालायची कशी? तार कुठंय?”

2022 मध्ये आलेलं IS-Net (या साधनात त्याचं नाव isnet-general-use) फोटो 1024 च्या मापात बघतं, म्हणून तीच तार त्याला अडीच ठिपक्यांची दिसते. 2024 चं BiRefNet बारीक कडांसाठी आणखी चांगलं आहे, पण साध्या लॅपटॉपवर ते रेंगाळतं. मॉडेल बदलण्याइतकाच उपयोगी उपाय म्हणजे दोनदा कापणं. पहिल्या फेरीत नथ साधारण कुठे आहे तेवढं शोधायचं. तिच्याभोवती थोडी जागा सोडून 1000 गुणिले 1000 चा तुकडा मूळ फोटोतून काढायचा, आणि तो तुकडा पुन्हा मॉडेलला द्यायचा. आता मूळचा एक पिक्सेल म्हणजे मॉडेलचा साधारण एक ठिपका. दहा पिक्सेलची तार त्याला दहा ठिपक्यांची दिसते आणि बहुतेक वेळा शाबूत राहते.

तरीही फोटो लांबून काढला असेल तर पुढे अडतंच. तयार चौकट 2000 पिक्सेलची ठरवली तर 85 टक्के म्हणजे नथ 1700 पिक्सेलची व्हायला हवी. आपल्याकडे आहेत 800. म्हणजे दुपटीहून जास्त ताणावं लागणार आणि मोती फुटके दिसणार. याला कापण्यात इलाज नाही. फोन जवळ न्यायचा, नथीनं फोटोची निम्मी रुंदी तरी भरली पाहिजे.

कापल्यानंतरचा टप्पा एकसारख्या चौकटीचा. हे काम मॉडेल करत नाही, साधं गणित करतं:

```python
from rembg import remove, new_session
from PIL import Image, ImageOps

s = new_session("isnet-general-use")
img = ImageOps.exif_transpose(Image.open("nath-014.jpg"))
cut = remove(img, session=s)
a = cut.getchannel("A").point(lambda v: 255 if v > 25 else 0)
box = a.getbbox()
```

exif_transpose असलेली ओळ क्षुल्लक वाटते, पण ती गाळू नये. फोन आडवा-उभा कसा धरला होता याची नोंद फोटोत वेगळी लिहिलेली असते. ती वाचली नाही तर काही नथी आडव्या पडलेल्या निघतात. शेवटच्या दोन ओळींत मास्कमधली 25 च्या वरची जागा ‘वस्तू’ धरली आहे आणि तिला घट्ट बसेल असा आयत मागितला आहे. त्या आयताची लांब बाजू 1700 पिक्सेल होईल इतकं लहान-मोठं करायचं आणि 2000 च्या पांढऱ्या चौकोनात मधोमध ठेवायचं. झालं.

ही रीत सोपी आहे आणि तितकीच नाजूकही, कारण चौकट पूर्णपणे मास्कच्या भरवशावर आहे. कोपऱ्यात धुळीचा एक कण मास्कमध्ये राहिला तर आयत थेट त्या कणापर्यंत ताणला जातो. 1700 ऐवजी 3400 पिक्सेल ‘वस्तू’ ठरते, सगळं निम्म्यानं आक्रसतं, आणि नथ 85 ऐवजी साडेबेचाळीस टक्क्यांची होऊन एका बाजूला सरकते. कण पांढऱ्यावर दिसतही नाही, फक्त नथ उगाच लहान का आली हे कळत नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे मास्कमधला सगळ्यात मोठा सलग तुकडा ठेवायचा आणि बाकीचे पुसायचे. नथीला हे चालतं. झुमक्यांना मात्र हे घातक आहे, कारण जोडीतले दोन झुमके म्हणजे दोन सुटे तुकडे. मोठा राहतो, दुसरा कचरा समजून फेकला जातो. कोल्हापुरी चपलांच्या जोडीचंही तेच. म्हणून नियम ‘सगळ्यात मोठा’ असा न करता, ‘मोठ्याच्या दोन-तीन टक्क्यांहून लहान असेल ते पुसा’ असा करावा, आणि प्रत्येक प्रकारात किती तुकडे अपेक्षित आहेत ते लिहून ठेवावं: नथ एक, झुमके दोन, ठुशी एक.

बांगड्यांपाशी वेगळाच पेच येतो. त्यात चूक कुणाचीच नसते, नियमच आड येतो. 2.4 मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे 57 मिलिमीटर, 2.8 ची अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. दोन्ही 85 टक्क्यांत बसवल्या की फोटोत त्या तंतोतंत सारख्या दिसतात. मुख्य फोटोत बाजाराचा नियम पाळावाच लागतो. पण स्वतःच्या साइटवर किंवा दुसऱ्या फोटोत मी सगळ्या बांगड्यांना एकच प्रमाण लावावं असं म्हणेन: फोन एकाच उंचीवर स्टँडला बांधायचा, सगळ्यात मोठी बांगडी 85 टक्के भरेल असं प्रमाण ठरवायचं, आणि तेच बाकीच्यांना. मग 2.4 ची बांगडी साधारण 77 टक्के भरते आणि ती लहान आहे हे डोळ्यांना कळतं.

आता चारशे फोटो कापून, चौकटीत बसवून झाले. ते एकेक उघडून बघायचे तर यंत्राला काम दिलंच कशाला? आणि न बघता चढवले तर तार नसलेली नथ विकायला लागते. यातून मार्ग असा की बघायचं काय हेही आधी मोजून ठरवायचं. मॉडेल आपली चूक सांगत नसलं तरी तिच्या खुणा मास्कमध्ये उमटतात.

बांगडीचंच उदाहरण घ्या. बांगडी समोरून गोल दिसते. मॉडेल कधी कधी तिच्या आतली पोकळी भरून टाकतं, म्हणजे आतलं कापडही ‘वस्तू’ ठरतं. भरलेलं वर्तुळ त्याच्या चौकोनाचा 78 टक्क्यांहून किंचित जास्त भाग व्यापतं, हे शाळेतलंच गणित आहे. पण खऱ्या बांगडीची आतली त्रिज्या बाहेरच्या नऊ दशांश असेल तर धातूनं व्यापलेला भाग निघतो जेमतेम 15 टक्के. म्हणजे मास्कमधल्या वस्तूच्या पिक्सेलना आयताच्या एकूण पिक्सेलनी भागलं की पोकळी उरली की भरली ते फोटो न उघडताच कळतं. 15 च्या आसपास असेल तर ठीक, 78 असेल तर तो फोटो बाजूला काढा. कापल्यावर फोटो नेमका कसा दिसतो हे न पाहताही तो चुकलाय हे सांगणारी अशी सोपी मोजणी मिळाली की अर्धं काम हलकं होतं.

हाच आकडा बाकीच्या दागिन्यांनाही लागतो, फक्त अपेक्षित किंमत आधी ठाऊक नसते. त्यामुळे एका प्रकारचे सगळे फोटो या आकड्यानुसार लावायचे आणि दोन्ही टोकं बघायची. नथींच्या रांगेत ज्यांचा भाग फार कमी त्यांची तार किंवा मोती गेलेले असतात, ज्यांचा फार जास्त त्यांच्यासोबत स्टँड आलेला असतो. याशिवाय आणखी तीन खुणा मी सोडणार नाही. मास्क फोटोच्या कडेला टेकतोय का, म्हणजे दागिना मुळातच कापला गेलाय किंवा कापड आत आलंय. तुकड्यांची संख्या अपेक्षेप्रमाणे आहे का. आणि चौकटीत बसवताना फोटो मोठा करावा लागला का, म्हणजे तो लांबून काढलाय.

आणखी एक युक्ती वेळ खाते पण नथींसाठी ती सोन्यासारखी आहे: दोन वेगळ्या मॉडेलांकडून तोच फोटो कापून घ्यायचा आणि दोन मास्क एकमेकांवर ठेवून कुठे जुळत नाहीत ते मोजायचं. दोन्ही जुळले म्हणजे बरोबरच आहेत असं नाही, स्टँड दोघांनीही ठेवलेला असू शकतो. पण जिथे त्यांचं भांडण आहे तिथे माणसानं बघायलाच हवं.

असं करून चारशेपैकी साठेक फोटो ‘बघा’ म्हणून वेगळे निघाले असं समजू. उरलेले 340 डोळे मिटून चढवायचे का? नाही. त्यातले काही चिठ्ठी टाकून निवडावेत आणि बघावेत, कारण आपल्या खुणा ज्या चुका पकडत नाहीत त्या इथेच लपलेल्या असतात. आणि सगळे चांगले निघाले तरी फार हुरळून जाऊ नये. संख्याशास्त्रातला एक साधा ठोकताळा आहे: पाहिलेल्यांत एकही चूक सापडली नाही, तर न पाहिलेल्यांत जास्तीत जास्त तीन भागिले पाहिलेली संख्या एवढ्या प्रमाणात चुका असू शकतात असं धरावं. साठ पाहिले, एकही खराब नाही, तरी पाच टक्क्यांपर्यंत खराब असू शकतात. न पाहिलेल्या 280 मध्ये ते चौदा फोटो झाले. चौदा बिघडलेले फोटो दुकानात चालतील का, हे दुकानदारानं ठरवायचं. चालणार नसतील तर आणखी बघावे लागतील.

बघण्याचीही रीत असते. पांढऱ्या पानावर ठेवून तपासलं तर अर्ध्या चुका दिसणारच नाहीत. मोत्याच्या मध्यावर मास्क अर्धवट असेल तर पांढऱ्यावर मोती फक्त जरासा फिका वाटतो, आणि डोळा ते माफ करतो. तोच कटआउट भडक गुलाबीवर ठेवा, मोत्यातून गुलाबी झिरपताना लगेच दिसतं. तारेच्या फटीत राहिलेलं पांढरं कापड, कडेचा पांढरट काठ, कोपऱ्यातला तो कण, सगळं गुलाबीवर उघडं पडतं. पांढरे दागिने गुलाबीवर आणि माणिक-पोवळ्याचे हिरव्यावर असे वीस-वीस फोटोंचे तक्ते करून बघितले तर एका नजरेत बरेच निकालात निघतात. शंका आली तोच फोटो पूर्ण मापात उघडायचा.

तपासताना प्रत्येक फोटोचं चारपैकी एकच ठरवायचं: चालेल, दुसऱ्या मॉडेलनं पुन्हा कापा, हातानं दुरुस्त करा, किंवा फोटोच पुन्हा काढा. हातानं दुरुस्ती करताना तयार फोटोवर हात घालू नये. मास्कची वेगळी प्रत ठेवलेली असते, तीच GIMP किंवा Photopea मध्ये उघडून तुटलेली तार पांढऱ्या ब्रशनं जोडायची, राहिलेली फट काळ्यानं बुजवायची, आणि चौकटीचं गणित पुन्हा चालवायचं. असं केलं की उद्या चौकट 2000 ऐवजी 1600 ची हवी झाली तरी ब्रशचं काम वाया जात नाही. दुरुस्त मास्क मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये हवेत, आणि प्रोग्रामला सांगितलेलं हवं की तिथे त्या नावाचा मास्क असेल तर मॉडेलला विचारायचंच नाही. नाहीतर पुढच्या आठवड्यात वीस नव्या फोटोंसाठी सगळा लॉट पुन्हा चालवला जातो आणि दोन दिवसांची हातदुरुस्ती एका झटक्यात पुसली जाते. हे होऊन गेल्यावरच लोक वेगळा फोल्डर करतात.

कडेच्या रंगाची गोष्ट मास्कनं सुटत नाही, हेही इथे सांगायला हवं. दागिने लाल मखमलीवर शोभतात म्हणून त्यावरच फोटो काढले जातात. मखमल कापून टाकता येते, पण सोन्याच्या तारेत आणि मोत्याच्या खालच्या अंगाला पडलेली तिची लाल झाक दागिन्यावरच राहते. कडेच्या एक-दोन पिक्सेलांतला लाल काठ मास्क जरा आत ओढून घालवता येतो. Rembg मध्ये alpha_matting चालू केलं तर कडेचे खरे रंग अंदाजानं भरले जातात. मोत्याच्या पोटातली लाल झाक मात्र हातानं रंग बदलल्याशिवाय जात नाही.

म्हणून तपासणीत एक गोष्ट आपोआप घडायला हवी: प्रत्येक नापास फोटोपुढे कारण लिहायचं. ‘तार’, ‘पोकळी’, ‘स्टँड’, ‘लाल झाक’, ‘मोती फिका’ असा एकेक शब्द पुरे. पन्नासेक नोंदी झाल्या की कारणं ढिगानं एकत्र दिसतात. ‘मोती फिका’ आणि ‘लाल झाक’ यांचा ढीग मोठा असेल तर पांढरा कागद आणि मखमल दोन्ही काढून घ्यायचे आणि मध्यम करड्या रंगाचा चमक नसलेला कागद आणायचा. त्यावर मोती उजळ आणि वेगळा दिसतो, सोनंही वेगळं दिसतं, आणि करड्याची झाक कुठे पडली तरी रंग बिघडत नाही. ‘स्टँड’चा ढीग मोठा असेल तर नथ बारीक पारदर्शक दोऱ्यानं टांगायची किंवा सपाट ठेवून वरून फोटो काढायचा. ‘तार’ तरीही उरलीच, तर त्या नथी हातानंच करायच्या, आणि पुढच्या लॉटमध्ये त्यांना सुरुवातीलाच वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, म्हणजे मॉडेलची वाट बघण्यात वेळ जात नाही.